म्युनिकमधल्या चकोल्या

जर्मन विद्यापीठांचं हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं. भारतातून गेलेल्या मुलांना तिथलं सामानसुमान लावून होईपर्यंत नोव्हेंबर उजाडतो आणि डिसेंबरात तर म्युनिकला दुपारी साडेचारच्या आतच सूर्य मावळतो. माझा भाचा तिथे अभियांत्रिकी शिकतो. त्याच्या पहिल्याच हिवाळ्यात, बाहेर बर्फ साचलेला असताना, फ्लॅटमधल्या सहा जणांनी एक पद्धत सुरू केली. दर रविवारी एकाने आपल्या घरचा पदार्थ करायचा आणि सगळ्यांनी एकत्र जेवायचं. भाच्याची पाळी आली तेव्हा त्याने आजीच्या चकोल्या करायच्या ठरवल्या.

आजी म्हणजे माझी आई. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. गव्हाच्या पोळीचे शंकरपाळ्यांसारखे तुकडे पातळ आमटीत शिजवले की त्या चकोल्या. विदर्भात यांनाच वरणफळं म्हणतात, गुजरातेत डाळ-ढोकळी. गार हवेत संध्याकाळी एकाच पातेल्यात होणारं हे पोटभर जेवण, वर तुपाची धार. हाच पदार्थ निवडण्यामागे एक व्यवहारही होता. त्यात मांस नाही, अंडं नाही. त्यामुळे इराणची मुलगी, इटलीचा मुलगा, चीनच्या लानचौ शहरातला मुलगा आणि दुधातुपालाही न शिवणारा जर्मन मुलगा या सगळ्यांना तो चालण्यासारखा होता. अडचण एकाच मुलीची होती. स्पेनहून आलेल्या त्या मुलीला सीलिअ‍ॅक आजार आहे, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन तिला अजिबात चालत नाही.

शनिवारी सकाळी त्याने आजीला व्हिडिओ कॉल लावला. मी शेजारीच होते.

“आजी, सहा जणांना डाळ किती घेऊ?”

“अरे बाळा, मुठीने घे. माणशी एक मूठ, वर एक पातेल्याची.”

“आणि पाणी?”

“चकोल्या पोहल्या पाहिजेत एवढं.”

त्याने वजनकाटा समोरच ठेवला होता. आजीच्या मुठी मोजत त्याने डाळीचा आकडा लिहिला, पिठाचं आणि पाण्याचंही असंच विचारून घेतलं. तूरडाळ 250 ग्रॅम, कणीक 300 ग्रॅम, पातळ केलेली आमटी सव्वादोन लिटर. हे प्रमाण सहा जणांना बेताचं आहे. आमटी आपल्याला नेहमी वाटते त्यापेक्षा बरीच पातळ हवी, कारण शिजताना चकोल्या ती पितात आणि ताटात वाढल्यावरही पीतच राहतात.

बव्हेरियात रविवारी दुकानं बंद असतात आणि शनिवारी रात्री आठला कुलपं लागतात, म्हणून खरेदी शनिवारीच उरकावी लागली. म्युनिकच्या मुख्य रेल्वे स्टेशनाच्या दक्षिणेला लांडवेअरश्ट्रासे आणि गोएटेश्ट्रासे हे रस्ते तुर्की आणि अरब दुकानांनी भरलेले आहेत. तिथे कोथिंबिरीच्या मोठ्या जुड्या मिळतात. डाळ, चिंच आणि गूळ एका आशियाई दुकानात मिळाले. गोडा मसाला आईने दिलेला होताच. चपातीची कणीक मात्र संपली होती, म्हणून त्याने साध्या दुकानातलं जर्मन पीठ आणलं.

पहिली कसोटी या पिठाचीच होती. जर्मन पिठाच्या पुडीवर 405, 550, 1050 असे आकडे असतात. शंभर ग्रॅम कोरडं पीठ जाळलं तर जितके मिलिग्रॅम राख उरते, साधारण तेवढा तो आकडा. राख कोंड्यातल्या क्षारांची असते, म्हणून आकडा मोठा तितका कोंडा जास्त. 405 म्हणजे केकचा पांढरा मैदा. त्याच्या चकोल्या आमटीत गिळगिळीत होतात. अख्ख्या गव्हाच्या पिठाला आकडाच नसतो, पण त्यातला कोंडा जाडसर असल्याने पोळी लाटताना फाटते. आपली कणीक चक्कीच्या दगडांत दाबली जाऊन, तापून निघते. त्यात पिठातला स्टार्च थोडा फुटतो आणि ती जास्त पाणी पिते. पोलादी रुळांवर दळलेलं पीठ तेवढं पाणी मागत नाही. भाच्याने 1050 निवडलं, ते योग्यच होतं. त्यात हळद, तिखट, ओवा, मीठ आणि दोन चमचे तेल घातलं आणि आजीने सांगितलेलं सगळं पाणी एकदम न ओतता हाताला पुरीच्या पिठाइतकं घट्ट लागेपर्यंतच घातलं. आजीची खूण होती, “बोट दाबलं की खळगा राहिला पाहिजे, पण बोटाला पीठ चिकटता कामा नये.” पीठ कुठलंही असो, ही खूण लागू पडते. मग गोळा अर्धा तास झाकून ठेवला.

दुसरी कसोटी डाळीची. कुकर नव्हता. त्यातून म्युनिकचं नळाचं पाणी जड आहे, किटलीच्या तळाला पांढरा थर धरतो तो त्यातल्या कॅल्शियमचाच. डाळीच्या पेशी पेक्टिन नावाच्या पदार्थाने एकमेकींना धरून असतात. कॅल्शियम त्या पेक्टिनला आणखी घट्ट करतं आणि डाळ तासभर उकळूनही कणकण राहते. उपाय दोन आहेत. डाळ तीन तास कोमट पाण्यात भिजवायची आणि शिजवताना चिमूटभर खायचा सोडा टाकायचा. हा सोडा तिथे नाट्रोन नावाने छोट्या पुड्यांत मिळतो. सोड्याने पेक्टिन सुटतं, पण हात सढळ झाला तर वरणाला साबणासारखी चव येते. भाच्याने हळद, थोडं तेल आणि खरोखर चिमटीतच मावेल एवढा सोडा घातला. पाऊण तासात डाळ पळीच्या पाठीने घोटता येऊ लागली.

इथे आजीच्या एका नियमाचं कारण कळतं. “डाळ मोडल्याशिवाय चिंच दाखवायची नाही,” असं ती नेहमी बजावते. आंबटपणाही पेक्टिनला सुटू देत नाही. चिंच आधी पडली, तर मग कितीही वेळ उकळा, डाळ एकजीव होत नाही.

डाळ घोटून झाल्यावर, गव्हाचा कण पातेल्यात पडण्याआधी, स्पेनच्या मुलीचा वाटा वेगळ्या भांड्यात काढला. तिच्यासाठी भात लावला. फोडणीही वेगळी, कारण बाजारातल्या बऱ्याच हिंगांत गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. डबीवर घटक वाचले तर ते कळतं. पळी, पोळपाट, ओटा सगळीकडून पीठ लागू शकतं, म्हणून तिचं भांडं झाकून दूर ठेवलं आणि तिची पळी वेगळी ठेवली. ज्या 14 पदार्थांची माहिती ग्राहकाला देणं युरोपीय संघात विक्रेत्यांना बंधनकारक आहे, त्यांत गव्हाबरोबर मोहरी आणि तीळही येतात. मोहरी फोडणीत असते आणि तीळ गोड्या मसाल्यात. भाच्याने ही तिन्ही नावं एका कागदावर लिहून फ्रिजवर लावली. परदेशात फ्लॅटमधल्या मित्रांसाठी रांधणाऱ्या प्रत्येकाने हे करायला हवं.

उरलेल्या आमटीत चिंच, गूळ, गोडा मसाला आणि मीठ पडलं. आता तिसरी कसोटी, चकोल्या सोडण्याची. आमटी खळखळ उकळत असेल तर तुकडा पडताक्षणी त्याचा पृष्ठभाग शिजतो आणि तो सुटा राहतो. उकळी बसली तर बाहेरच्या पिठाची खळ होते, तुकडे एकमेकांना चिकटतात आणि तळाला लगदा बसतो. काचेच्या सपाट शेगडीची आच आपल्या गॅससारखी झटकन वाढत नाही, त्यामुळे एकदम ढीग टाकला की उकळी मोडते आणि लवकर परत येत नाही. म्हणून दहा-बारा तुकडे टाकायचे, पुन्हा बुडबुडे येऊ द्यायचे, मग पुढचे. आमटी आटली तर वरून घालायचं पाणीही उकळतंच हवं.

लानचौचा मुलगा हे पाहत होता. त्याच्या भागात पिठाची पट्टी एका हातावर टांगून दुसऱ्या हाताने तुकडे तोडत थेट उकळत्या पातेल्यात फेकतात. त्याने एक पोळी उचलली, तिच्या पट्ट्या ओढल्या आणि भराभर तोडून टाकल्या. त्या दिवशी अर्ध्या चकोल्या कापलेल्या होत्या आणि अर्ध्या तोडलेल्या.

शिजल्या कधी म्हणायच्या? वर तरंगल्या म्हणजे शिजल्या, असं पुष्कळांना वाटतं. ते खरं नाही. आजीची खूण अशी: एक चकोली काढायची, मधोमध तोडायची, आत पांढरी रेघ दिसली तर अजून कच्ची आहे. शेवटचा तुकडा पडल्यावर बारा ते पंधरा मिनिटं लागतात. इटलीचा मुलगा हे ऐकून पुढे आला, कारण त्याच्या घरी पास्ता याच खुणेने तपासतात. फरक इतकाच, की मधे पांढरा ठिपका जेमतेम उरला असताना ते पास्ता उतरवतात आणि आजीला ती रेघ पूर्ण गेलेली हवी असते.

शेवटी फोडणी. काचेची शेगडी बंद केली तरी बराच वेळ तापलेली राहते, म्हणून मोहरी तडतडली की भांडं उचलून बाजूला घ्यायचं, नाहीतर लसूण करपते. तेलाची फोडणी सगळ्यांसाठी झाली, तूप ज्याने त्याने आपल्या ताटात घेतलं. त्यामुळे जर्मन मुलालाही पोटभर जेवता आलं. वरून ओतलेली फोडणी पाहून इराणची मुलगी म्हणाली, आमच्याकडे आश-ए-रेश्तेवर असाच तेलात परतलेला पुदिना ओततात. हा आश म्हणजे कडधान्यं, मसूर, भरपूर पालेभाजी आणि गव्हाच्या शेवया एकत्र शिजवलेलं दाट सार. इराणी नववर्षाच्या, नवरोजच्या सुमारास तो आवर्जून करतात.

डाळीच्या सारात गव्हाचं पीठ शिजवणं ही इराणपासून इटलीपर्यंत थंडीशी झुंजणाऱ्या घरांची जुनी युक्ती आहे. थोड्या डाळीत आणि थोड्या पिठात, एका चुलीवर, घरभर माणसं जेवतात. शिवाय डाळीच्या प्रथिनांत जे कमी असतं ते गव्हात मिळतं आणि गव्हात कमी असतं ते डाळीत, म्हणून ही जोडी पोषणालाही पुरी पडते.

त्या रात्री पातेलं रिकामं झालं आणि आजीला सांगायला पुन्हा कॉल आला. मला त्यातून जे पटलं ते हे. आजीचे आकडे म्युनिकमध्ये निम्मेच उपयोगी पडले, कारण पीठ, पाणी आणि शेगडी तिन्ही बदलली होती. तिच्या खुणा मात्र पूर्ण उपयोगी पडल्या. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांकडून पदार्थ लिहून घेताना फक्त वाट्या-चमचे लिहू नका. पीठ हाताला कसं लागलं पाहिजे, काय आधी घालायचं आणि काय नंतर, कच्चं राहिलं हे कशावरून ओळखायचं, हे विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. मूल परदेशी निघालं की गोड्या मसाल्याच्या पुडीबरोबर ती वहीही द्या.