उलटीची गोळी आणि सकाळची पेंग

कराडमधील एका शिक्षिकेला आठवा आठवडा सुरू होता. पहाटे उठल्याबरोबर उमासे, दात घासताना उलटी, नऊपर्यंत पोटात काही टिकत नसे. डॉक्टरांनी डॉक्सिलामाइन आणि पायरिडॉक्सिनची गोळी दिली, रात्री झोपताना दोन. चार दिवसांनी त्या पुन्हा आल्या. मळमळ फारशी कमी नव्हती आणि नवीनच तक्रार सुरू झाली होती. उंब्रजच्या शाळेकडे स्कूटीवरून जाताना महामार्गावर त्यांचे डोळे मिटू लागले होते.

‘‘गोळी किती वाजता घेता?’’

‘‘जेवण झालं की लगेच. यांचं दुकान साडेनऊला बंद होतं, मग सगळे मिळून जेवतो. अकरा वाजतातच.’’

दोन्ही तक्रारींचे उत्तर या एका वाक्यात होते.

या गोळीतील पायरिडॉक्सिन म्हणजे ब-६ जीवनसत्त्व, त्याने झोप येत नाही. पेंग आणते ते डॉक्सिलामाइन. सर्दी-ॲलर्जीच्या ज्या जुन्या गोळ्यांनी डोळे जड होतात, त्याच कुळातले हे औषध. गोळीवर असे आवरण असते की ती जठरात विरघळत नाही, पुढे आतड्यात गेल्यावर विरघळते. त्यामुळे रिकाम्या पोटी घेतलेल्या गोळीतील डॉक्सिलामाइनचे रक्तातील प्रमाण सुमारे सात तासांनी सर्वांत जास्त होते. रात्री घेतलेली गोळी पहाटेच्या मळमळीला उपयोगी पडते ती यामुळेच. त्यानंतर औषध सावकाश उतरते, निम्मे व्हायला दहा-बारा तास लागतात.

पोट भरलेले असेल, तर गोळी जठरातच रेंगाळते आणि सगळे वेळापत्रक पुढे सरकते. शिक्षिकेच्या बाबतीत हेच घडत होते. सहा वाजता, मळमळ सुरू होताना, औषध पुरेसे चढलेले नसे. पावणेदहाला स्कूटी सुरू करताना ते ऐन भरात असे.

त्यांनी रात्रीचे जेवण साडेसातला उरकायचे आणि साडेनऊला ग्लासभर पाण्याबरोबर गोळ्या घ्यायच्या, असे ठरले. गोळी तोडायची, चावायची किंवा कुटायची नाही, कारण आवरण मोडले की औषध लवकर सुटते. सुरुवात शनिवारी रात्री करायची, म्हणजे पहिली सकाळ रविवारची, घरातलीच. सोमवार-मंगळवार स्कूटी बंद, एसटीने नाहीतर वडापने जायचे. सासूबाईंनी संध्याकाळच्या भाकरी लवकर करायचे कबूल केले. रविवारी सकाळी दहापर्यंत शिक्षिकेला पेंग होती, मंगळवारी आठ वाजता त्या ताज्यातवान्या होत्या. उमासे येत, पण उलटी थांबली होती. मगच स्कूटी पुन्हा बाहेर निघाली.

सर्वांचे एवढ्यावर भागत नाही. रात्री दोन गोळ्या घेऊनही दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मळमळ राहिली, तर डॉक्टर त्या रात्रीच्या दोन गोळ्यांनंतर सकाळी एक गोळी वाढवतात, तेवढ्यानेही भागले नाही तर दुपारी आणखी एक. दिवसाला चार, म्हणजे ४० मिलिग्रॅम डॉक्सिलामाइन, ही मर्यादा. पेंगेची खरी तयारी लागते ती इथे, कारण सकाळची गोळी जागेपणीच काम करते. ती सुरू झाली की गाडी चालवणे, कडबाकुट्टीवर वैरण घालणे, विळीवर बसणे ही कामे घरातल्या दुसऱ्या कुणाकडे तरी द्यावी लागतात. किती दिवस, हे तिच्या डोळ्यांवरील झोपेवरून ठरवायचे. काहींची पेंग आठवडाभरात कमी होते, काहींची नाही.

एक चूक दुकानातून स्ट्रिप घेतानाच होते. बाजारात १० मिलिग्रॅमची गोळी मिळते, तशी २० ची एकत्रित गोळीही मिळते. चिठ्ठीवर ‘दोन’ लिहिलेले असते ते १० च्या हिशोबाने. २० च्या दोन घेतल्या तर पहिल्याच रात्री दिवसभराची सगळी मर्यादा पोटात जाते आणि सकाळी बाई उठत नाही. स्ट्रिपवरील आकडा पाहायलाच हवा. अनेक गोळ्यांत फॉलिक ॲसिडही असते. त्याची वेगळी गोळी चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगावे. सर्दी-खोकल्याचे औषध, ॲलर्जीची गोळी किंवा झोपेची गोळी जोडीला घेतली तर गुंगी वाढते.

सांगली जिल्ह्यातील वाळवा, पलूस, कडेगाव भागात दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात. त्यांतील गरोदर बाईसाठी ‘झोपताना दोन गोळ्या’ ही सूचना अपुरी आहे. ती रात्री दहाला आडवी होते आणि पहाटे चारला उठते. दहाला घेतलेली गोळी पाच वाजता भरात येते, तेव्हा तिच्या हातात कोयता असतो किंवा डोक्यावर मोळी घेऊन ती ट्रकला लावलेल्या फळीवर चढत असते. एका दिवसाचा खाडा पडला तरी पैसे कापले जातात, म्हणून ती ‘झोप येते’ असे सांगतही नाही. तिला औषध लिहिताना आधी उठण्याची वेळ विचारायला हवी आणि तिथून मागे मोजायला हवे. दुपारनंतर काही खाल्लेले नसेल, तर फडातून परतल्यावर सातच्या सुमारास गोळ्या आणि तासाभराने जेवण, हा एक मार्ग डॉक्टर सुचवू शकतात. पहिले दोन-तीन दिवस मात्र कोयता आणि फळी नकोच.

पेंग औषधाची की आजाराची, हे घड्याळावरून बरेचसे कळते. औषधाची पेंग गोळीनंतर ठरावीक तासांनी येते आणि ओसरते. दिवसभर टिकणारा थकवा, चालताना लागणारी धाप, पांढरी पडलेली जीभ हे रक्त कमी असल्याचे लक्षण, त्यासाठी हिमोग्लोबिन तपासावे. हलवूनही नीट जागी होत नसेल, असंबद्ध बोलत असेल, तर गोळ्या जास्त गेल्या असे समजून १०८ ला फोन करावा.

उलट्यांचेही तसेच. गरोदरपणातील मळमळ बहुधा नवव्या आठवड्याच्या आधी सुरू होते. त्यानंतर पहिल्यांदाच सुरू झालेली उलटी, सोबत ताप किंवा पोटदुखी, याचे कारण वेगळे असू शकते. दिवसभर पाणीही टिकत नसेल, लघवी थोडी आणि गडद होत असेल, वजन झपाट्याने उतरत असेल, तर गोळी वाढवत बसू नये. सलाइनची गरज असते.

‘बाळाला काही होणार नाही ना?’ या भीतीने काहीजणी गोळी एक दिवस घेतात, एक दिवस सोडतात. मग औषध अंगात टिकत नाही, मळमळही जात नाही. या भीतीला इतिहास आहे. अमेरिकेत हेच औषध १९५६ पासून ‘बेंडेक्टिन’ नावाने मिळत होते. बाळांत व्यंग येते अशा दाव्यांचे खटले वाढल्यावर कंपनीने १९८३ मध्ये ते मागे घेतले. हजारो गरोदर स्त्रियांच्या अभ्यासांत मात्र व्यंगांचे प्रमाण वाढलेले दिसले नाही आणि २०१३ मध्ये तिथल्या औषध नियामकाने या जोडीला पुन्हा मंजुरी दिली. बाळाला धोका दिसलेला नाही. आईची पेंग मात्र खरी आहे.

शिक्षिकेची गोळी पुढे काही आठवडे चालली. सोळाव्या आठवड्यात डॉक्टरांनी ती टप्प्याने कमी करून बंद केली. साडेसातचे जेवण मात्र त्या घरात तसेच राहिले. आता दुकानातून आल्यावर नवरा एकटाच जेवतो.