डोकी मोजून स्वयंपाक

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये आचारी चुलीपाशी येतो तेव्हा किती माणसे जेवणार, हे त्याला आधीच कळलेले असते. हजेरी लागलेली असते, पाळीप्रमाणे आकडा आलेला असतो, आणि भांडारातून तांदूळ, डाळ, कणीक त्याच मापाने निघालेली असते. डब्यांच्या स्टॉलवर हा आकडा कोणी देत नाही. कॅन्टीनची नोकरी सोडून स्टॉल टाकावा का, असा विचार करणाऱ्या तरुण आचाऱ्याच्या बहुतेक अडचणी याच एका फरकातून येतात. दोन्हीकडचा स्वयंपाक सारखाच असला तरी हिशेब अगदी वेगळा असतो.

पुण्याजवळच्या चाकण औद्योगिक पट्ट्यातला एक आचारी उदाहरणादाखल घेऊ. माणूस आणि त्याचे आकडे कल्पित आहेत, पण हिशेबाची रीत खरी आहे. वय २५, कंत्राटदाराच्या कॅन्टीनमध्ये चार वर्षे चार महिने काम, पगार १८,००० रुपये. कपाती जाऊन हातात जेमतेम १६,००० पडतात. स्टॉलशी तुलना करताना तो हाच आकडा धरतो आणि तिथेच चुकतो. मालकही त्याच्या भविष्यनिर्वाह निधीत दरमहा १,८०० रुपये भरतो. त्याच्या खात्यातून कापलेले १,८०० हेही त्याचेच आहेत. दोन वेळचे जेवण कॅन्टीनमध्येच होते, त्याचे महिन्याला अडीच हजार तरी धरायला हवेत. म्हणजे ही नोकरी सुमारे २२,१०० रुपयांची आहे. शिवाय आजारपणात राज्य विम्याचा दवाखाना आहे. स्टॉलला या आकड्याची बरोबरी करायची आहे.

आता एक डबा. तीन पोळ्या, एक भाजी, वरण, भात, चमचाभर लोणचे. किंमत ८० रुपये. कणीक, तांदूळ, डाळ, भाजी, तेल, मसाला मिळून साधारण ३१ रुपये, गॅसचे ७ आणि डबा बांधण्याचे ४ धरले, तर ४२ रुपये खर्च होतात आणि ३८ उरतात. गाळ्याचे भाडे, वीज-पाणी, पोळ्या लाटायला येणाऱ्या मावशींचा अर्ध्या दिवसाचा पगार आणि वाहतूक यांचे महिन्याला २०,००० होतात, मग एकही डबा विकला न जावो. गुरुवारची सुट्टी सोडून महिन्यात २६ दिवस धरले, तर नुसता हा खर्च निघायला रोज २१ डबे लागतात. नोकरीची बरोबरी करायला रोज ४३.

४३ डबे खपवणे एवढ्या मोठ्या कामगारवस्तीत अवघड वाटत नाही. पण ४३ डबे विकायचे तर शिजवायचे किती? आकडा माहीत नसल्यामुळे आचारी हात सैल सोडतो, कारण आलेले गिऱ्हाईक परत पाठवणे त्याच्या जिवावर येते. रोज सात डब्यांचे अन्न उरले, तर बांधणी सोडून डब्यामागे ३८ रुपये, म्हणजे महिन्याला जवळपास सात हजार रुपये जातात. ते भरून काढायला रोज ४३ ऐवजी ५० डबे विकावे लागतात. स्टॉल बुडण्याचे कारण बरेचदा चवीत किंवा जागेत शोधले जाते. उरलेल्या पातेल्यात पाहिले तर ते लवकर सापडते. रात्री उरलेले अन्न आठवडाभर नुसते मोजून लिहून ठेवले, तरी गळती कुठे आहे हे कळते.

हे उरलेले अन्न दुसऱ्या दिवशी वापरण्याचा मोह मोठा असतो, विशेषतः भाताच्या बाबतीत. घरोघरी शिळ्या भाताला फोडणी दिली जाते, त्यामुळे त्यात धोका आहे असे वाटतच नाही. पण तांदळात बॅसिलस सेरेयस नावाच्या जिवाणूची बीजे असू शकतात आणि ती उकळत्या पाण्यातही टिकतात. शिजलेला भात तासन्‌तास कोमट राहिला की ती बीजे वाढीला लागतात, आणि त्यांच्यापासून तयार होणारे एक विष परत गरम करूनही नष्ट होत नाही. वरण आंबले तर वास येतो, फेस दिसतो. असा भात मात्र वासाला आणि चवीला अगदी चांगला लागू शकतो. म्हणून भात एक तर वाफाळता, ६० अंश सेल्सियसच्या वर ठेवावा, किंवा पसरट ताटात ओतून झटपट निववून फ्रिजमध्ये टाकावा. दिवसभर पातेल्यात झाकून ठेवलेला भात टाकून देण्याशिवाय इलाज नाही. कॅन्टीनमध्ये हा प्रश्न कमी येतो, कारण तिथे आकडा ठरलेला असतो आणि पाळी सुटताच पातेले रिकामे होते.

आकडा मिळवण्याचा जुना मार्ग आहे महिनेवारी खाती. मुंबईच्या गिरणगावात बायका खानावळी चालवत त्या याच रीतीने: गिरणीत काम करणारे ठरावीक सभासद, दोन वेळचे जेवण, पैसे पगार झाल्यावर. त्या व्यवस्थेतली कळही सगळ्यांना ठाऊक होती. सभासद महिन्याच्या शेवटी पैसे देणार, आणि वाण्याचे देणे मात्र आधी फेडायचे. मधल्या दिवसांसाठी सावकाराकडून कर्ज काढावे लागे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि या बायकांसाठी बँकेच्या कर्जाची वाट काढली, ती हीच कोंडी फोडण्यासाठी.

चाकणच्या आचाऱ्यापुढेही हीच कोंडी आहे. ३० खाती मिळाली तर रोजचे ३० डबे पक्के झाले, नासाडी जवळजवळ संपली. पण कारखान्यांचे पगार पुढच्या महिन्याच्या सात ते दहा तारखेला होतात. तोवर या डब्यांचे शिधा-गॅसाचे सुमारे ४४,००० रुपये त्याच्या खिशातून गेलेले असतात; भाडे आणि मावशींचा पगार वेगळाच. एखाद्याने खोली सोडून गाव गाठले की त्याचे सगळे खाते बुडते. भट्टी, भांडी आणि गाळ्याची अनामत यांचा खर्च सगळे जण धरतात. ही अडकलेली रक्कम धरायची राहून जाते, आणि गिऱ्हाईक भरपूर असतानाही स्टॉल बंद पडतो. निम्मे पैसे आगाऊ आणि निम्मे पगाराच्या तारखेला, असे ठरवले तर हे ओझे बरेच हलके होते. आधी नियम सैल ठेवून मग तो घट्ट करता येत नाही, म्हणून हे पहिल्याच दिवशी सांगावे लागते.

या टप्प्यावर त्याच्या चार वर्षे चार महिन्यांना अर्थ येतो. सलग पाच वर्षे पूर्ण झाली की उपदान मिळते: मूळ पगार १५,००० असेल तर दर वर्षामागे १५ दिवसांच्या हिशेबाने सुमारे ४३,००० रुपये. जेवढी रक्कम खात्यांमध्ये अडकणार, जवळजवळ तेवढीच. अडचण एवढीच की कॅन्टीनचे कंत्राट बदलले आणि नव्या कंत्राटदाराने नव्याने कामावर घेतले, तर सेवेची सलगता तुटल्याचा वाद उभा राहू शकतो. कंत्राट केव्हा संपते हे त्याने आधी पाहायला हवे. भविष्यनिर्वाह निधीचा सार्वत्रिक खातेक्रमांक मात्र मालक बदलला तरी तोच राहतो.

आचाऱ्याने नोकरी आठ महिने चालू ठेवायचे ठरवले. त्याची पाळी दुपारी सुटते. ओळखीच्या एका पोळी-भाजी केंद्राची भट्टी संध्याकाळी रिकामी असते, ती त्याने भाड्याने घेतली, अन्न परवान्याची नोंदणी स्वतःच्या नावावर केली आणि व्यावसायिक सिलिंडर घेतला. घरगुती सिलिंडर धंद्याला चालत नाही. सुरुवात १२ खात्यांनी, निम्मे पैसे आगाऊ. वहीत तीन रकाने: किती शिजवले, किती गेले, कोणाचे पैसे राहिले. कॅन्टीनमध्ये खरेदी भांडारवाला करत असल्यामुळे भाजीचा भाव त्याला कधी पाहावा लागला नव्हता. आता मंडईत जाऊन गवार महागली की कोबीवर यायचे, हे तो शिकतो आहे. दिवाळीत कामगार गावी गेल्यावर खाती किती गळतात आणि परत किती येतात, हेही याच आठ महिन्यांत दिसेल. ३० पक्की खाती आणि वर रोज १३ सुटे डबे, एवढे दोन महिने सलग जमले तर राजीनामा द्यायचा, नाहीतर संध्याकाळचे डबे जोडधंदा म्हणून चालू ठेवायचे, असे त्याने ठरवले आहे.