शनिवारी रिकामी पडणारी फळी

थालीपीठाच्या भाजणीचं अर्ध्या किलोचं पाकीट सुपरमार्केटमध्ये ठेवलंय, असं धरू. खप वाढत नाही म्हटल्यावर उत्पादक आधी पाकिटाचं रूप बदलतो, नाहीतर किंमत उतरवतो. माझ्या मते त्याने आधी फळी पाहावी.

शिकागोच्या डॉमिनिक्स दुकानांत झेवियर ड्रेझ, स्टीफन हॉक आणि मेरी पर्क यांनी प्रत्यक्ष प्रयोग केले. 1994 साली छापलेला त्यांचा निष्कर्ष असा : खपावर मोठा परिणाम माल कुठे ठेवलाय याचा होतो, त्याने किती रुंद जागा व्यापली याचा त्यामानाने कमी. अट एकच, फळी रिकामी पडू नये इतका माल समोर हवा. म्हणून साधारण चार ते पाच फुटांवरची, डोळ्यांसमोरची फळी मोलाची. पायाशी ठेवलेली भाजणी मुद्दाम शोधणाऱ्यालाच सापडते.

पण किती माल पुरेसा? पाकीट 12 सेंटिमीटर रुंद आणि 5 सेंटिमीटर जाड आहे, फळी 40 सेंटिमीटर खोल. म्हणजे एकामागे एक आठ पाकिटं बसतात. समोर दिसणाऱ्या अशा प्रत्येक रांगेला दुकानात 'फेसिंग' म्हणतात. सोमवार ते शुक्रवार रोज तीन आणि शनिवार-रविवारी रोज सहा पाकिटांना गिऱ्हाईक असेल, तर आठवड्याला 27 पाकिटं लागतील. फळी फक्त सोमवारी सकाळी भरली जात असेल, तर चार फेसिंग हवीत, म्हणजे 32 पाकिटं.

दोनच फेसिंग दिली तर सोळा पाकिटं मावतात. शुक्रवारी रात्री त्यांतलं एक उरतं. शनिवार-रविवारच्या बारा गिऱ्हाइकांपैकी अकरा जणांना भाजणी मिळतच नाही. दुकानाच्या हिशेबात मात्र 'आठवड्याचा खप सोळा' एवढंच उमटतं, आणि पुढची ऑर्डरही तेवढीच येते. चांगला चालणारा माल असाच मंद ठरतो, याचं मला फार वाईट वाटतं.

कधी माल गोदामात असतो, पण फळीवर आलेला नसतो. हे ओळखायला रोजची विक्री तपासा. संगणकात साठा दिसतोय आणि रविवारची विक्री शून्य आहे, तर त्या दिवशी फळी रिकामी होती असा संशय घ्यावा. रुंद जागा मिळत नसेल, तर गुरुवारी संध्याकाळी फळी पुन्हा भरून घ्या. भरताना जुनी तारीख पुढे, नवी मागे ठेवा. पिशवी आडवी पडत असेल, तर तळाला बूड असलेली पिशवी घ्या किंवा खोक्यात उभी करून मांडा. पडलेल्या पिशवीवरचं नाव दिसत नाही.

रॅकच्या टोकाची जागा लक्ष वेधते, पण तिचं भाडं असतं. तिथे विकलेल्या पाकिटांतली काही एरवीच्या फळीवरूनही गेली असती, म्हणून दोन्हींची बेरीज पाहूनच फायदा मोजावा. फळीच शनिवारी रिकामी पडत असेल, तर टोकाच्या जागेवर एक रुपयाही घालू नका. आधी ती शनिवार-रविवार भरलेली राहील एवढं पाहा.