एक तार सरळ, एक तार उलटी

गणपतीच्या मखराभोवती एकामागून एक पेटत जाणारे दिवे अनेकदा शिफ्ट रजिस्टरच्या तत्त्वावर चालतात. 74HC164 ही अशीच एक स्वस्त चिप. तिच्यात आठ फ्लिप-फ्लॉप एका रांगेत असतात आणि प्रत्येक जण एकच बिट, म्हणजे ० किंवा १, धरून ठेवतो. क्लॉकचा ठोका पडला की प्रत्येक बिट एक घर पुढे सरकतो आणि पहिल्या घरात नवा बिट येतो. बिट आत जातात एकेक करून, पण आठही घरांतले बिट बाहेर एकाच वेळी दिसतात.

आता यातली पहिली चारच घरं घेऊ. चौथ्या घराची तार पहिल्याच्या प्रवेशाला सरळ जोडली की रिंग काउंटर झाला. आत १००० असेल, तर पुढे ०१००, ००१०, ०००१ आणि पुन्हा १०००. चार घरांच्या चारच अवस्था. अडचण सुरुवातीलाच येते. सगळी घरं शून्य असतील, तर शून्यच फिरत राहतं आणि एकही दिवा लागत नाही. चुकून दोन ठिकाणी १ आला, तर दोन दिवे कायम सोबत धावतात. यावर उपाय असा, की चौथ्या घराची तार काढायची आणि पहिली तीन घरं एका नॉर गेटला जोडून त्याचं उत्तर प्रवेशाला द्यायचं. तिन्ही शून्य असतील तरच हे गेट १ आत सोडतं. त्यामुळे ११०१ अशी भलती सुरुवात झाली, तरी ०११०, ००११, ०००१ करत गाडी आपोआप १००० वर येते.

चौथ्या घराचा बिट उलटा करून, म्हणजे मध्ये एक नॉट गेट घालून, मागे दिला की ट्विस्टेड रिंग, अर्थात जॉन्सन काउंटर तयार होतो. ०००० पासून तो असा चालतो: १०००, ११००, १११०, ११११, ०१११, ००११, ०००१ आणि परत ००००. तेवढ्याच घरांत अवस्था मात्र आठ. शिवाय दर ठोक्याला एकच बिट बदलतो, म्हणून कोणती अवस्था चालू आहे हे प्रत्येकी दोन प्रवेशांचं गेट लावून ओळखता येतं आणि अधेमधे खोटा संकेत उमटत नाही. बाजारात मिळणारी CD4017 ही चिप म्हणजे पाच घरांचा जॉन्सन काउंटर. म्हणूनच तिला दहा आउटपुट असतात.

खोट मात्र इथेही आहे. चार बिटांच्या सोळा अवस्थांपैकी आठच वापरात येतात. उरलेल्या आठांचं स्वतःचं वेगळं चक्र असतं: ०१००, १०१०, ११०१ असं पुढे. एकदा त्यात शिरलेला साधा काउंटर आपण होऊन बाहेर पडत नाही. दिवे भरत जाण्याऐवजी तुटक लागू लागले, की हेच झालंय असं समजावं. तेव्हा जोडणी करताना 74HC164 ची क्लिअर पिन मोकळी सोडू नका; वीज आल्याबरोबर ती क्षणभर शून्यावर राहील अशी सोय आधी करा.