शिंपीकामाच्या दुकानाचं बोधवाक्य

‘उत्कृष्ट दर्जाची विश्वासार्ह शिलाई सेवा’ ही ओळ कुठल्याही टेलरच्या पाटीवर चालते, म्हणूनच ती लक्षात राहत नाही. जोडाक्षरांमुळे जीभही अडखळते. बोधवाक्य गिऱ्हाइकाच्या नेमक्या तक्रारीतून काढावं. ब्लाउज शिवायला टाकणाऱ्यांची मोठी तक्रार असते ती तारखेची. ‘सांगितल्या वारी, कपडे घरी’ हे यमक छान जुळतं, पण ऐकणारा लगेच विचारतो, “घरपोच देता का?” असा गैरसमज मोठ्यानं म्हणून दाखवल्यावरच कळतो. त्यापेक्षा ‘सांगितला वार, कपडे तयार’ सरस: चारच शब्द, मध्ये श्वासाला जागा आणि फोनवरही स्पष्ट. मात्र लग्नसराईत वार पाळता येत नसेल, तर ही ओळ पाटीवर लिहूच नये.