‘लोकेशन कशाला हवंय?’

आयफोनवर नवं ॲप उघडलं की मध्येच एक चौकट येते. अमुक ॲपला तुमचं लोकेशन वापरू द्यायचं का, असा प्रश्न आणि खाली ‘एकदाच’, ‘ॲप वापरताना’, ‘नको’ असे पर्याय. प्रश्न आणि पर्याय यांच्यामध्ये बारीक अक्षरात एक वाक्य असतं. आपण ते बहुधा न वाचताच पुढे जातो. चौकट ॲपलची, पण हे वाक्य ॲप बनवणाऱ्यानं लिहिलेलं असतं. ॲप स्टोअरवर येण्याआधी ॲपलचा तपासनीस ते वाचतो आणि मोघम वाटलं तर ॲप परत पाठवतो.

समजा, नाशिककडच्या दोन तरुणांनी द्राक्ष बागायतदारांसाठी ॲप केलं आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला, पानं ओली राहिली, की डाऊनी डोकं वर काढतो. हे ॲप बागेच्या आसपासचा पाऊस आणि आर्द्रता पाहून आज फवारणी करावी की थांबावं, हे सांगतं. त्यासाठी लोकेशन हवं. चौकटीत त्यांनी लिहिलं, ‘या ॲपला तुमच्या लोकेशनची गरज आहे.’ ॲप परत आलं. सोबतच्या निरोपात नियमाचा क्रमांक होता, 5.1.1. लोकेशन मागितलंय, पण त्याचा वापर पुरेसा समजावलेला नाही. उदाहरण देऊन स्पष्ट करा, असा त्याचा आशय. खाली त्या चौकटीचा स्क्रीनशॉट.

अशा वेळी पहिला मजकूर सुचतो तो आपल्या सरकारी अर्जाच्या वळणाचा. आम्ही लहान उद्योजक आहोत, हंगाम तोंडावर आहे, तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. किंवा मग लोकेशन का हवं याचं पानभर स्पष्टीकरण, डाऊनीच्या बुरशीपासून सुरुवात करून. दोन्ही फुकट जातात. पत्र कितीही पटलं, तरी शेतकऱ्याच्या फोनवर तेच जुनं वाक्य दिसणार आहे, आणि तक्रार आहे ती त्या वाक्याविषयीच. खुलासा आधी चौकटीत जायला हवा. पत्र त्यानंतर.

वाक्य बदलायचं म्हणजे वेबसाइटवर जाऊन दोन शब्द खोडणं नव्हे. ते ॲपच्या आतच बांधलेलं असतं, म्हणून नवा बिल्ड चढवावा लागतो, आधीपेक्षा मोठ्या क्रमांकाचा. वाक्यात दोन गोष्टी हव्यात: माहिती कशासाठी लागते आणि त्याचं एक ठोस उदाहरण. आपल्या ॲपचं मराठी वाक्य असं होईल:

```
"NSLocationWhenInUseUsageDescription" = "बागेजवळचा पाऊस व आर्द्रता पाहून डाऊनीचा धोका सांगण्यासाठी लोकेशन वापरलं जातं. उदा. रात्री पाऊस झाला असेल, तर आज फवारणी करावी का, हे ॲप दाखवतं.";
```

इथे एक सापळा आहे आणि त्यात भलेभले अडकतात. हे वाक्य `Info.plist` नावाच्या फाइलमध्ये असतं. पण ॲप एकाहून अधिक भाषांत असेल, तर प्रत्येक भाषेची वेगळी `InfoPlist.strings` फाइल असते आणि फोन त्या भाषेत असेल तर तिच्यातलंच वाक्य दिसतं. आपल्या दोघांनी मूळ फाइल सुधारली, मराठीची सुधारली, पण `en.lproj` या फोल्डरमधली इंग्रजी फाइल तशीच राहिली. तपासनिसाचा फोन इंग्रजीत. त्याला पुन्हा जुनंच वाक्य दिसलं, ॲप पुन्हा परत आलं, आणि इकडे दोघं संतापले की बदल करूनही हे लोक बघत नाहीत. दुसऱ्या नकारासोबत आलेला स्क्रीनशॉट नीट पाहिला असता, तर उत्तर तिथंच होतं. नकार आला की आधी चित्र पाहावं, मग मजकूर, आणि राग शक्य तो तिसऱ्या दिवशी.

दुसरं कारण याहून लपलेलं असतं. हे ॲप फक्त नाशिक परिसरातल्या गावांची माहिती देतं असं धरू. तपासनीस कॅलिफोर्नियात बसून लोकेशन देतो आणि त्याला पडद्यावर दिसतं, ‘माहिती उपलब्ध नाही’. त्याच्या दृष्टीनं ॲपनं लोकेशन घेतलं आणि त्याचं काहीच केलं नाही. लॉगिनच्या आधीच चौकट उगवत असेल तर आणखीच वाईट, कारण ॲप काय करतं हे कळण्याआधीच ते काहीतरी मागतंय.

म्हणून बदल करून झाल्यावर जो निरोप जातो, तो साधा हवा. ॲप स्टोअर कनेक्टवर ॲपलच्या नकाराखालीच उत्तर देता येतं, चित्र किंवा व्हिडिओ जोडता येतो. निरोप इंग्रजीत जाईल. मराठीत त्याचं रूप साधारण असं:

‘नमस्कार. बिल्ड १४ मध्ये लोकेशनचं कारण इंग्रजी आणि मराठी दोन्हींत नव्यानं लिहिलं आहे, स्क्रीनशॉट जोडला आहे. पाहण्यासाठी डेमो खात्यानं लॉगिन करून “माझी बाग” उघडा आणि “आजचा धोका” दाबा. चौकट त्या वेळीच येते. ॲपमध्ये सध्या नाशिक परिसराचीच माहिती आहे, म्हणून तिथल्या बागेत घेतलेला व्हिडिओ सोबत आहे. परवानगी नाकारली तर गावाचं नाव लिहून तीच माहिती मिळते. लोकेशन ॲप उघडं असतानाच वापरतो, हवामानाची माहिती मिळवण्यासाठी हवामान सेवेला पाठवतो, जाहिरातीसाठी वापरत नाही.’

यात गाव लिहिण्याची सोय उगाच आलेली नाही. लोकेशन द्यायला कोणी नकार दिला, तर पत्ता हातानं लिहिण्याची सोय द्या, हे उदाहरण ॲपलच्या नियमावलीतच आहे. शिवाय आयफोनवर एकदा ‘नको’ दाबलं की ॲपला ती चौकट पुन्हा दाखवता येत नाही, माणसाला सेटिंगमध्ये जावं लागतं. म्हणजे ही सोय शेतकऱ्यालाही लागणारच. मात्र निरोपात लिहिलं ते ॲपमध्ये खरंच असायला हवं. हवामान सेवेला लोकेशन पाठवतो असं इथे लिहायचं आणि ॲपच्या पानावरच्या खासगीपणाच्या रकान्यात त्याचा उल्लेखच नाही, ही विसंगती लगेच डोळ्यात भरते.

इतकं करूनही नकार आला तर? तपासणी मंडळाकडे रीतसर अपील करता येतं. पण मधल्या काळात ॲपलनं काही माहिती मागितली असेल तर तिचं उत्तर आधी द्यावं लागतं, आणि एका नकारावर एकच अपील करावं अशी ॲपलची सूचना आहे. माझ्या मते हा मार्ग फक्त तेव्हाचा, जेव्हा तपासनिसाच्या नजरेतून काहीतरी खरोखर निसटलं आहे: वाक्य दोन्ही भाषांत स्पष्ट आहे, चौकट योग्य जागी येते, नाकारण्याची वाट आहे, तरी जुनंच कारण परत आलं आहे. त्या अपिलात हंगामाची निकड किंवा मेहनतीची कहाणी नको. कोणत्या बिल्डमध्ये, कोणत्या पडद्यावर, कोणतं वाक्य दिसतं आणि ते नियमात कसं बसतं, एवढं पुरतं. वाक्यच अजून मोघम असेल, तर मंडळाचं उत्तरही तपासनिसाहून वेगळं येणार नाही. त्यापेक्षा पंधरावा बिल्ड लवकर चढतो.