रुईची धूळ, कोरडी हवा आणि डेस्कटॉप

दिवाळीनंतर यवतमाळ जिल्ह्यातल्या जिनिंगमध्ये सरकीपासून रुई सुटू लागते आणि तिचे बारीक तंतू हवेत तरंगत राहतात. तिथल्या कार्यालयातला डेस्कटॉप दिवसभर हीच हवा ओढतो. मातीची धूळ हीटसिंकच्या पात्यांवर पातळ बसते; रुई मात्र पंखा आणि हीटसिंक यांच्यामध्ये जाड गादीसारखी दाटते. वरून पंखा फिरताना दिसतो, पण वारा खाली पोचत नाही. प्रोसेसर तापतो, पंख्याचा आवाज चढतो, यंत्र मंदावते. नेमक्या याच महिन्यांत हवा कोरडी असते आणि कोरड्या हवेत घर्षणाने साचलेला विद्युतभार सहज निघून जात नाही. म्हणून इथे साफसफाईला व्हॅक्यूम क्लीनर नको, ब्लोअर हवा.

व्हॅक्यूमच्या प्लास्टिक नळीतून धूळ वेगाने घासत जाते आणि नळीच्या तोंडाशी भार साचतो. माणसाला झटका जाणवायला साधारण 3,000 व्होल्ट लागतात. काही चिप्सना काही शे व्होल्टही पुरतात. म्हणजे काहीच जाणवले नाही, याचा अर्थ काही झाले नाही असा होत नाही. ‘वर्षानुवर्षे व्हॅक्यूम वापरतो, बिघाड नाही’ हा अनुभव खोटा नाही. प्रत्येक वेळी ठिणगी पडतेच असे नाही. पण चिप कधी तत्काळ न मरता नुसती कमकुवत होते आणि पुढे केव्हातरी दगा देते, तेव्हा कारण कुणाला आठवत नाही. ब्लोअरची नळीही प्लास्टिकचीच, हा आक्षेप रास्त आहे. फरक अंतराचा. मेणबत्ती हातभर दुरून फुंकून विझवता येते, पण हवा आत ओढून विझवता येत नाही. शोषण जवळूनच चालते, म्हणून व्हॅक्यूमचे तोंड बोर्डाला टेकवावे लागते. झोत मात्र वीतभर दुरूनही काम करतो. भारमुक्तीची सोय असलेले खास व्हॅक्यूम मिळतात, त्यांना हा आक्षेप लागू नाही.

आधी प्लग काढावा, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज निचरू द्यावी, कॅबिनेट अंगणात न्यावे आणि त्याच्या उघड्या धातूला हात लावावा. नाकाला रुमाल हवाच. मग प्रत्येक पंखा बोटाने किंवा लाकडी काडीने अडवून थोडथोडा झोत द्यावा. मोकळा सोडलेला पंखा झोताने नेहमीपेक्षा कितीतरी वेगाने फिरतो आणि बेअरिंग झिजू शकते. शिवाय त्यात चुंबक आणि तारेची वेटोळी असल्याने तो उलटा जनित्र बनून मदरबोर्डकडे वीज ढकलू शकतो. ही वीज किती घातक ठरेल ते बोर्डाच्या रचनेवर अवलंबून, पण बेअरिंगला धोका असतोच. रुईच्या गादीवर मात्र पंख्याच्या बाजूने झोत मारला तर ती आणखी खोल रुतते. पंख्याचे स्क्रू काढून ती चिमट्याने सोलावी, मगच फुंकावे. पॉवर सप्लाय उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब उरू शकतो, म्हणून जाळीतून बाहेरूनच झोत द्यावा. आधी आणि नंतर तेच काम चालवून प्रोसेसरचे तापमान पाहावे. ते उतरले नाही, तर गादी अजून आत आहे किंवा प्रोसेसरवरची पेस्ट वाळली आहे.